मनगटावर ‘आई’, गाड्यावर ‘चायनीज’: चिनी अक्षरं नेमकं काय बोलतात?

आजचा भाग ऐकण्यापेक्षा बघण्याचा जास्त आहे, कारण विषयच अक्षरांचा आहे. कानाला अक्षर दिसत नाही. त्यामुळे ज्यांनी गाडीवर जाता जाता हा भाग ऐकलाय, त्यांनी हे लिखित रूप एकदा नजरेखालून घालाच. जिथे अक्षर दाखवणं गरजेचं होतं, तिथे ते इथे टाकलंय.

विषय आला आपल्या वेळापूरच्या एका श्रोत्याकडून. पंढरपूरच्या वाटेवरचं, माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचं आपलं वेळापूर. त्यानं दोन फोटो पाठवले. पहिल्या फोटोत मनगटावर गोंदायचं डिझाइन होतं. त्याला ‘आई’ हा शब्द चिनी अक्षरात हवा होता. दुसरा फोटो त्याच्या मित्राच्या चायनीजच्या गाड्याचा. नवा फ्लेक्स छापायचा होता आणि वर कोपऱ्यात लाल-पिवळी चार चिनी अक्षरं टाकायची होती. प्रश्न एवढाच होता: “दादा, तुम्ही चिनी शिकलाय ना? हे बरोबर आहे का बघून सांगा.”

पुण्यात मी काही वर्षं चिनी भाषेचे वर्ग केले, त्या शिदोरीवर मी दोन्ही फोटो बघितले. दोन्ही चुकलेले होते. पण दोन्हीच्या चुका वेगळ्या जातीच्या होत्या, म्हणून एकेक करून घेऊ.

चिनी बाराखडी नावाची वस्तूच नाही

मनगटाच्या डिझाइनमध्ये तीन अक्षरं होती. मी विचारलं, ही कुठून आणली? त्यानं नेटवरचा एक तक्ता पाठवला. तुम्हीही तो पाहिला असेल. वर ‘ए’ आणि खाली एक चिनी अक्षर, मग ‘बी’ आणि खाली दुसरं, असं ‘झेड’पर्यंत. यानं इंग्रजीतून ‘आई’चं स्पेलिंग केलं, ए-ए-आय, आणि तीन अक्षरं उचलली.

हा तक्ता बनावट आहे. थोडा नाही, पूर्ण. कारण चिनी लिपीत ‘ए’ला, ‘बी’ला किंवा आपल्या ‘क’ला अक्षरच नाही. आपल्या देवनागरीत एक अक्षर म्हणजे एक आवाज. चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे आवाजाचा एक अख्खा तुकडा, आणि त्याला जोडून सहसा एक अर्थ. त्यामुळे तक्ता बनवणाऱ्यानं कुठल्यातरी सव्वीस अक्षरांपुढे ए टू झेड लिहून टाकलंय. त्यातून बनलेलं नाव चिनी माणसाला वाचता येत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द शेजारी उभे आहेत, एवढंच त्याला दिसतं.

हा घोळ इतका जुना आहे की अमेरिकेत राहणाऱ्या त्यान थांग नावाच्या माणसानं २००४ साली ‘हान्झी स्मॅटर’ नावाचा ब्लॉग सुरू केला. लोक आपल्या टॅटूचे फोटो पाठवायचे आणि तो अर्थ सांगायचा. तिथे येणाऱ्या कित्येक टॅटूंच्या मुळाशी हाच तक्ता निघाला.

ओळखायचं कसं? सोपं आहे. ज्या वेबसाइटवर तुम्ही इंग्रजी नाव टाइप करता आणि जितकी इंग्रजी अक्षरं तितकीच चिनी अक्षरं बाहेर येतात, ती साइट बंद करा.

मग नाव लिहितात तरी कसं?

परक्या माणसाचं नाव चिनीत आवाजावरून लिहितात. त्या नावाच्या जवळ जाणारे तुकडे शोधायचे आणि त्या आवाजाची अक्षरं शेजारी ठेवायची. उदाहरण घ्या: गांधी. चिनीत ते 甘地, उच्चार साधारण ‘कान-ती’. आता शब्दकोशात बघितलं तर 甘 म्हणजे गोड आणि 地 म्हणजे जमीन. म्हणजे महात्मा ‘गोड जमीन’ झाले का? नाही. चिनी वाचकाला हे नाव माहीत आहे, तो ते ‘गांधी’ असंच वाचतो. तिथे अक्षराचा अर्थ बाजूला पडतो आणि फक्त आवाज उरतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं, त्यात ते होते. तिथेच जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी ते गेले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये काढलेला सिनेमा तुमच्या आजोबांना नक्की आठवत असेल.

चीनमध्ये त्यांचं नाव आहे 柯棣华, उच्चार ‘के-तीहुआ’च्या आसपास. यातली पहिली दोन अक्षरं ‘कोट’ या आवाजासाठी घेतली आहेत. 柯 चा कोशातला अर्थ कुऱ्हाडीचा दांडा, पण ते चिनी लोकांचं नेहमीचं आडनावही आहे. 棣 हे एका फुलझाडाचं नाव. तिसरं अक्षर 华 मात्र आवाजासाठी नाही, अर्थासाठी आहे. 华 म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावाच्या शेवटी हेच अक्षर जोडलेलं होतं.

म्हणजे एकाच नावात दोन अक्षरं आवाजाची आणि एक अर्थाचं. कुणी जर कोश उघडून ‘कुऱ्हाडीचा दांडा, फुलझाड, चीन’ असं भाषांतर केलं, तर प्रत्येक शब्द बरोबर आणि एकूण वाक्य साफ चूक. हीच चिनी अक्षरांची खरी गंमत आहे आणि खरा धोकाही. अक्षराचा अर्थ त्याच्या पोटात कायमचा बंद नसतो. ते कुठल्या शब्दात बसलंय, यावर तो ठरतो.

‘आई’ लिहायचीच असेल तर

आता परत मनगटाकडे. आई हे नाव नाही, नातं आहे. त्यामुळे इथे आवाज नाही, अर्थ हवा. शब्दकोशात ‘आई’ शोधलं की बहुतेक वेळा एक अक्षर पुढे येतं: 母. दिसायला छान, आटोपशीर. अनेक जण तिथेच थांबतात.

पण थांबा. 母 हे आपल्या ‘मातृ’सारखं आहे. मातृभाषा, मातृभूमी, मातृशोक. शब्दात बसलं की ते वजनदार वाटतं. पण घरी कुणी “अगं मातृ, जेवायला वाढ” म्हणतं का? चिनीतही तसंच. मातृभाषेला 母语 म्हणतात. आणि हेच 母 प्राण्याच्या आधी लागलं की अर्थ होतो मादी. 母牛 म्हणजे गाय, 母鸡 म्हणजे कोंबडी. म्हणून नुसतं 母 मनगटावर पाहिलं तर चिनी माणसाला ‘माता’ कळेलही, पण काहीतरी अर्धवट राहिलंय असं वाटेल. शब्दाचा तुकडा गोंदलाय आणि शब्द घरी राहिलाय, तसं.

लेकरू आईला जी हाक मारतं ती आहे 妈妈. उच्चार? ‘मामा’. हो, खरंच! चिनी लोकांची आई म्हणजे आपल्या कानाला मामा. तेव्हा मित्रांना उच्चार वाचून दाखवायचा असेल तर चेष्टेची तयारी ठेवा. जरा आदराचा, लेखी शब्द हवा असेल तर 母亲. म्हणजे आपल्याकडे ‘आई’ आणि ‘मातोश्री’मध्ये जो फरक, साधारण तसाच.

आता 妈 हे अक्षर जरा जवळून बघा. याचे दोन भाग आहेत. डावीकडे 女, म्हणजे बाई. उजवीकडे 马, म्हणजे घोडा. आईचा घोड्याशी संबंध काय? काहीच नाही. घोड्याला चिनीत ‘मा’ म्हणतात, म्हणून तो भाग फक्त आवाज सांगायला बसवलाय. डावा भाग अर्थाचा इशारा देतो, उजवा आवाजाचा. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच बनलेली आहेत.

गोंदताना याचं काय होतं? आपल्याकडे जत्रेत बॅटरीच्या मशिनवर गोंदणारे बसतात, शहरात टॅटूचे स्टुडिओ आहेत. त्यांचा हात कितीही चांगला असला तरी ज्याला लिपी येत नाही, त्याच्यासाठी हे अक्षर म्हणजे एक चित्र. चित्रातली बारीक रेघ गाळली तर चित्र बिघडत नाही. अक्षरातली गाळली तर अक्षर बदलतं. डावीकडचं 女 फार लांब सरकलं, पुसट झालं किंवा ‘डिझाइन स्वच्छ दिसावं’ म्हणून काढलं, की मागे उरतं 马马. मनगटावर आईच्या जागी दोन घोडे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे उलटं छापणं. स्टेन्सिल त्वचेवर उमटवताना बाजू बदलली किंवा सेल्फी कॅमेऱ्यातून घेतलेल्या फोटोवरून डिझाइन काढलं, तर अक्षर आरशातल्यासारखं होतं. लिपी न येणाऱ्याला हे कळतच नाही. 妈 साठी खूण सोपी आहे: तुमच्यासमोर अक्षर सरळ धरलं तर ‘बाई’ डावीकडे आणि ‘घोडा’ उजवीकडे हवा. कुठलंही अक्षर गोंदून घेणार असाल तर अशी एक खूण आधीच पाठ करून ठेवा, आणि सुई लागण्याआधी स्टेन्सिल स्वतः तपासा.

आकाराचाही प्रश्न आहे. 妈 ला सहा रेघा आहेत. हेच अक्षर जुन्या पद्धतीनं 媽 असं लिहितात, त्याला तेरा. शाई त्वचेत वर्षांनुवर्षं थोडी थोडी पसरत जाते. नखाएवढ्या जागेत तेरा रेघा कोंबल्या तर काही वर्षांनी तिथे अक्षर नाही, डाग दिसेल. छोट्या जागेसाठी कमी रेघांचं रूप घ्या, नाहीतर अक्षर मोठं काढा.

‘चौरंग’चं गणित

एका मोठ्या गायिकेची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आरियाना ग्रांदेचं ‘सेव्हन रिंग्ज’ हे गाणं जानेवारी २०१९ मध्ये आलं. गाण्याच्या आनंदात तिनं तळहातावर जपानी लिपीत 七輪 असं गोंदून घेतलं. जपानी लोक चिनीतूनच आलेली अक्षरं वापरतात, हे लक्षात ठेवा. 七 म्हणजे सात, 輪 म्हणजे कडं किंवा चाक. सात कडी. गणित जमलं?

नाही जमलं. जपानीत 七輪 हा एक तयार शब्द आहे. उच्चार ‘शिचिरिन’, अर्थ कोळशाची छोटी शेगडी. मासे, मटण भाजायची. जगभर हसू झालं. मग तिनं दुरुस्तीसाठी बोटाचं अक्षर 指 आणि एक बदाम वाढवून घेतला, कारण बोटातल्या अंगठीला जपानीत 指輪 म्हणतात. पण नवं अक्षर मध्ये न बसता खाली बसलं. त्यामुळे वाचणाऱ्याला ‘शेगडी बोट’ असंच दिसत राहिलं.

परदेशी लोकांना हसण्याआधी आपल्या मराठीकडे बघा. समजा एखाद्या जपानी मुलीनं कोश उघडला. ‘चौ’ म्हणजे चार, ‘रंग’ म्हणजे रंग. तिला चार रंग आवडतात, म्हणून तिनं दंडावर झोकात ‘चौरंग’ गोंदलं. आता तुम्ही तिला काय सांगणार? बाई गं, तू पूजेचं लाकडी आसन गोंदलंस! तुकडे दोन्ही बरोबर होते, पण जोडून तयार झालेला शब्द तिला माहीत नव्हता. 七輪 चं अगदी असंच झालं.

शिवाय कुठल्या भाषेत वाचायचं हेही ठरवावं लागतं. 手紙 ही दोन अक्षरं घ्या, हात आणि कागद. जपानीत याचा अर्थ पत्र. चिनीत टॉयलेट पेपर. तेव्हा ‘चिनी-जपानी सगळं एकच’ असं म्हणून चालत नाही.

गाड्यावरची पाटी

आता दुसरा फोटो, चायनीजचा गाडा. मंचुरियन, हक्का नूडल्स, शेजवान राइस, सगळं झकास मराठीत लिहिलेलं. वर शोभेला चार चिनी अक्षरं, नेटवरून उचललेली: 小心地滑.

ही चार अक्षरं चीनमध्ये जागोजागी दिसतात, पण हॉटेलच्या पाटीवर नाही. ओल्या फरशीवर. अर्थ: सावधान, जमीन निसरडी आहे. गाड्यावर ही पाटी म्हणजे जेवायला आलेल्याला पहिलीच सूचना, घसरू नका!

गंमत म्हणजे या पाटीनं खुद्द चीनमध्येही भाषांतराचा घोळ घातलाय. 小心 म्हणजे सावध, 滑 म्हणजे घसरणं किंवा निसरडं. मधलं 地 दोन कामं करतं. एक अर्थ जमीन. दुसरं काम, आपल्या ‘-पणे’ सारखं: सावधपणे. त्यामुळे तिथल्या कितीतरी इंग्रजी पाट्यांवर ‘काळजीपूर्वक घसरा’ असं भाषांतर छापलं गेलं. तेच 地 गांधींच्या नावात नुसता आवाज होतं, इथे जमीन आहे आणि चुकून वाचलं तर प्रत्यय.

‘खेड्यातल्या गाड्यावर कोण चिनी वाचतंय’ असं म्हणाल, तर जर्मनीतल्या मोठ्या विज्ञान संस्थेचं उदाहरण घ्या. माक्स प्लांक सोसायटीच्या मासिकाचा २००८ सालचा एक अंक चीनवर होता. मुखपृष्ठावर शोभेसाठी चिनी मजकूर छापला. छापून झाल्यावर चिनी वाचकांनी सांगितलं, ही तर क्लबमधल्या नाचणाऱ्या मुलींची जाहिरात आहे! संस्थेला माफी मागावी लागली. अक्षरं छान दिसतात म्हणून उचलली की असं होतं. गाड्याचा फोटो कुणीतरी ग्राहकच इन्स्टावर टाकणार, आणि तो कुठवर पोचेल सांगता येत नाही.

मग पाटीवर काय लिहावं? जे खरंच विकता तेच. नूडल्स विकत असाल तर 炒面. उच्चार ‘छाओ-म्येन’, म्हणजे आपला चाऊमिनच. 炒 म्हणजे परतणं. त्याच्या डावीकडे 火, म्हणजे आग, आहे. इथेही एक खाच आहे. 面 हे अक्षर मुख्य चीनमध्ये नूडल्स आणि चेहरा, दोन्हींसाठी चालतं. पण हाँगकाँग आणि तैवानमध्ये नूडल्सला 麵 लिहितात आणि 面 म्हणजे फक्त चेहरा किंवा बाजू. म्हणून नुसतं 面 लिहू नका. 炒面 असा पूर्ण शब्द लिहिला की संशय उरत नाही. 炒麵 लिहिलंत तरी बरोबर. फक्त एका पाटीवर दोन्ही पद्धती मिसळू नका.

फोनवर तपासायचं कसं

यासाठी चिनी शिकायची गरज नाही. तीन गोष्टी करा.

पहिली, चित्र घेऊ नका, टाइप केलेली अक्षरं घ्या. जी कॉपी-पेस्ट होतात ती. चित्रात रेघ गळालेली असू शकते. टाइप केलेल्या अक्षरात नाही.

दुसरी, ती सगळी अक्षरं एकत्र, जशी गोंदायची किंवा छापायची तशीच, सर्चमध्ये टाका आणि फोटो बघा. अर्थ वाचू नका, नुसते फोटो बघा. 七輪 टाकलं की शेगड्याच शेगड्या येतात. 小心地滑 टाकलं की पिवळ्या सूचनापाट्या. 炒面 टाकलं की नूडल्सच्या प्लेटी. तुमच्या शब्दाचे फोटोच येत नसतील किंवा फक्त टॅटूचेच फोटो येत असतील, तर तो शब्द त्या भाषेत कुणी वापरत नाही असं समजा.

तिसरी, चिनी शब्दकोशाच्या ॲपमध्ये, उदाहरणार्थ प्लेकोमध्ये, पूर्ण शब्द शोधा आणि खाली दिलेली उदाहरणाची वाक्यं बघा. अक्षर सुटं सापडतंय पण शब्द म्हणून सापडत नाही, तर समजा ‘चौरंग’ होण्याची शक्यता आहे.

एवढं करून कळतं की अक्षर चूक नाही. पण शब्द भारदस्त वाटतो की बालिश, हे कोश सांगत नाही. ते ती भाषा घरात बोलणारा माणूसच सांगू शकतो. पाटी बदलता येते, कातडी नाही. म्हणून गोंदण्याआधी अशा एका माणसाला “याचा अर्थ बरोबर आहे का” असं विचारू नका. “हे वाचून तुला काय वाटतं” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक भिडेखातर ‘हो’ म्हणतात.

जाता जाता एक शेवटचं नाव. डॉ. कोटणीसांनी चीनमध्येच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं 印华. यातलं 印 सुटं शोधलं तर कोश सांगेल शिक्का, ठसा, छपाई. पण भारताला चिनीत 印度 म्हणतात आणि त्याचं पहिलं अक्षर म्हणून इथे 印 म्हणजे भारत. 华 म्हणजे चीन, हे आपण आधीच पाहिलं. भारत आणि चीन, एका पोराच्या नावात. हेच 印 कुणी ‘भारत’ समजून एकटंच दंडावर गोंदलं, तर वाचणाऱ्याला वाटेल, ऑफिसचा शिक्का मारलाय!

तुमच्याकडे कुठे चिनी किंवा जपानी अक्षरांची पाटी दिसली तर फोटो पाठवा. गोंदायचं ठरवलं असेल तर आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, राम कृष्ण हरी!